मिठाच्या सत्याग्रहाची पोथी

आठवीच्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात ‘सविनय कायदेभंग चळवळ’ हा पाठ आहे. त्यात दांडीयात्रा येते, धारासना येते आणि महाराष्ट्रात वडाळा, मालवण, शिरोडा येथेही मिठाचे सत्याग्रह झाले, असे एक वाक्य येते. आमची शाळा कुडाळ तालुक्यात असल्यामुळे या वाक्याला वर्गातली सगळी मुले मान वर करतात. शिरोड्याची मिठागरे त्यांनी पाहिलेली असतात आणि एखाद्याच्या मामाचे घरच तिथे असते. परंतु वाक्य संपते, आपण पुढच्या परिच्छेदाकडे जातो आणि मुलांच्या माना पुन्हा खाली जातात. हा पाठ कथाकथन आणि चित्र यांच्या आधाराने शिकवण्याचा प्रयत्न मी दोन वर्षे केला. पहिल्या वर्षी तो फसला. दुसऱ्या वर्षी बऱ्याच अंशी जमला आणि ज्या ठिकाणी जमला, त्या ठिकाणी तो माझ्या अपेक्षेपेक्षा वेगळ्याच कारणाने जमला.

2023-24 मध्ये मी केले ते थोडक्यात सांगते, कारण अनेक शाळांत अजूनही तसेच होते. दांडीयात्रेची गोष्ट रंगवून सांगितली आणि ‘आता या प्रसंगाचे चित्र काढा’ असे म्हणून कागद वाटले. चोवीस मुलांपैकी जवळजवळ सर्वांनी गोल चष्मा, काठी आणि मागे मावळता सूर्य काढला. चित्रे भिंतीवर लागली आणि भेटीला आलेल्या अधिकाऱ्यांनी त्यांची छायाचित्रे घेतली. महिनाभराने मी वर्गात विचारले की गांधीजींनी नेमका मीठ हाच विषय का निवडला असेल, तर उत्तर आले, ‘कारण मीठ महत्त्वाचे असते.’ चित्र काढण्यापूर्वी विचारले असते तरी हेच उत्तर आले असते. चित्राने गोष्टीत काहीही घातले नव्हते आणि गोष्टीतून काहीही घेतले नव्हते. ते इतिहासाच्या तासिकेत बसून काढलेले चित्रकलेच्या तासिकेतले चित्र होते.

दुसऱ्या वर्षीच्या आखणीला दिशा मिळाली ती पिंगुळीत. आमच्यापासून जवळच असलेल्या पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथीची परंपरा आहे. तेथे परशुराम गंगावणे यांनी आपल्या गुरांच्या गोठ्यात या कलेचे संग्रहालय उभे केले असून त्यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. दिवाळीच्या सुट्टीपूर्वी मुलांना घेऊन मी ते पाहायला गेले. चित्रकथीत सुट्या कागदांवर काढलेल्या चित्रांचा एक संच असतो आणि त्याला पोथी म्हणतात. पोथीत तीस-चाळीस किंवा त्याहूनही अधिक चित्रे असतात; सांगणारा एकेक चित्र समोर धरतो, वीणा, टाळ आणि हुडूक यांच्या साथीने त्या चित्रापुरती कथा गाऊन-बोलून सांगतो आणि ते चित्र बाजूला ठेवून पुढचे उचलतो. चित्रांत मागचा देखावा जवळजवळ नसतोच. मोकळ्या कागदावर एका बाजूला पाहणाऱ्या, मोठ्या डोळ्यांच्या आकृती उभ्या असतात. डोंगर, सूर्य, ढग यांना जागाच नसल्यामुळे चित्र पाहताना एकच गोष्ट पाहावी लागते: कोण कोणासमोर उभा आहे आणि काय करतो आहे.

माझ्या वर्गाला हवी होती ती हीच शिस्त. मी ठरवले की वर्गाने मिळून मिठाच्या सत्याग्रहाची आठ चित्रांची एक पोथी करायची. तीन मुलांचा एक गट, एका गटाला एक चित्र. कागद पाव इंपिरियल आकाराचा, म्हणजे मूळ पोथीच्या कागदाच्या जवळ जाणारा. रंग चारच ठेवले: गेरू, हळद, नीळ आणि काजळी, सर्व डिंकाच्या पाण्यात कालवलेले. शिवाय कपड्यांसाठी खडूच्या भुकटीचा पांढरा. (पांढऱ्यासाठी आधी चुना आणला होता. एका गटाने तो हळदीत मिसळला आणि पिवळ्याचे कुंकू झाले, तेव्हा चुना परत पाठवला.) रंग कमी ठेवण्यामागे मोठा कलाविचार नव्हता, मागच्या वर्षी अर्धा वेळ आकाशाच्या छटा भरण्यात गेला होता, एवढेच कारण होते. पण पुढे जे घडले, ते या तुटपुंज्या रंगांमुळेच घडले.

दोन नियम आणखी केले. पहिला नियम असा की प्रत्येक चित्रासोबत साधारण साठ-सत्तर शब्दांचे निवेदन लिहायचे आणि ते चित्र धरून मोठ्याने सांगायचे, वाचायचे नाही. दुसरा नियम चित्राच्या पाठीमागच्या बाजूचा होता. पारंपरिक पोथीत दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवतात. आम्ही ती सुटी ठेवली आणि मागे एक कोरी पट्टी चिकटवली. तिच्या डाव्या रकान्यात ‘हे आम्हांला माहीत आहे, ते अमुक ठिकाणाहून’ आणि उजव्या रकान्यात ‘हे आम्ही मनाने काढले’ असे लिहायचे. चित्रातली प्रत्येक व्यक्ती आणि प्रत्येक वस्तू या दोनपैकी एका रकान्यात आलीच पाहिजे. मुलांनी तिचे नाव ‘पुराव्याची पट्टी’ ठेवले आणि पहिल्या दिवशी तिच्याबद्दल बरीच कुरकुर केली.

कथा मी दोन तासिकांत सांगितली, चित्र न दाखवता. ती सांगताना काय सांगायचे यापेक्षा कुठे थांबायचे याची तयारी अधिक केली होती. उदाहरणार्थ, मिठावरचा कर. 1930 मध्ये तो मणाला सव्वा रुपया होता. हा आकडा नुसता सांगितला तर मुले तो वहीत लिहितात आणि विसरतात. मी फळ्यावर ‘एक मण म्हणजे चाळीस शेर, एक रुपया म्हणजे सोळा आणे’ एवढेच लिहिले आणि गप्प बसले. सव्वा रुपयाचे वीस आणे झाले, चाळीस शेरांना वीस आणे, म्हणजे शेराला अर्धा आणा. मागच्या बाकावरून लगेच आवाज आला, “बाई, ह्या तर कायच नाय!” मला हेच हवे होते. अर्धा आणा फार नाही, तरीही लोक का उठले, हा प्रश्न तिथे उभा राहिला. मग सांगितले की किनाऱ्यावर उन्हाने आपोआप साठलेले मीठ उचलणे हासुद्धा गुन्हा होता, आणि हा कर घरातल्या प्रत्येकाला, सर्वांत गरीब माणसालाही, चुकत नव्हता. त्यावर बराच वेळ बोलणे झाले. पूर्वी एका वाक्यात आटोपणारा भाग या वेळी अख्खी तासिका घेऊन गेला आणि ते मला चालले.

बाकी कथा अशी होती: 2 मार्च 1930 रोजी गांधीजींनी व्हाइसरॉय आयर्विनला पत्र लिहून आपण काय करणार आहोत ते आधीच कळवले. 12 मार्चला ते साबरमती आश्रमातून निवडक 78 जणांसह निघाले, सुमारे 385 किलोमीटर चालून 5 एप्रिलला दांडीला पोहोचले आणि 6 एप्रिलच्या सकाळी त्यांनी मीठ उचलून कायदा मोडला. 4 मेच्या मध्यरात्रीनंतर कराडी येथील मुक्कामी त्यांना अटक झाली. 21 मे रोजी सरोजिनी नायडू यांच्या नेतृत्वाखाली धारासनाच्या मिठागरावर सत्याग्रह झाला. त्याच महिन्यात आमच्या शिरोड्यालाही झाला. शेवटी 5 मार्च 1931 चा गांधी-आयर्विन करार. पत्र, प्रस्थान, वाट, दांडी, अटक, धारासना, शिरोडा, करार अशी आठ चित्रे चिठ्ठ्या टाकून वाटली.

रेखाटनासाठी एक सलग जोडतासिका दिली. पहिल्या दहा मिनिटांत कोणी पेन्सिल उचलायची नाही, फक्त चित्रात कोण-कोण असेल याची यादी करायची, असे सांगितले होते. ही दहा मिनिटे फार मोलाची ठरली, कारण प्रश्न तिथूनच यायला लागले. ‘वाट’ या चित्राचा गट माझ्याकडे आला. त्यांच्या यादीत बायका होत्या, डोक्यावर पदर घेतलेल्या, ओळीत चालणाऱ्या. मी विचारले, हे डाव्या रकान्यात लिहाल की उजव्या? त्यांनी गोष्टीच्या टिपणांत शोधले, पुस्तकात शोधले, मग माझ्याकडच्या छायाचित्रांच्या छापील प्रतींत शोधले. शेवटी एका मुलीने जवळजवळ तक्रारीच्या सुरात विचारले, “बाई, बायका खंय आसत?” मी सांगितले की साबरमतीहून निघालेल्या त्या 78 जणांत एकही स्त्री नव्हती, गांधीजींनीच तसे ठरवले होते, सरोजिनी नायडू दांडीला होत्या, आणि पुढे देशभर स्त्रिया मोठ्या संख्येने सत्याग्रहात उतरल्या. तिला हे पटले नाही, आणि न पटणे योग्यच होते. त्या गटाने चालणाऱ्यांच्या रांगेतून बायका काढल्या, पण वाटेच्या कडेला हात जोडून उभ्या असलेल्या दोन बायका काढल्या आणि पट्टीच्या उजव्या रकान्यात लिहिले: ‘गावच्या बायका बघायला आल्या असतील, असे आम्हांला वाटते.’ वाक्य लिहिताना ‘सत्याग्रही चालू लागले’ एवढे पुरते, त्यात बायका होत्या की नव्हत्या हे सांगावे लागत नाही. चित्र काढताना मात्र ते ठरवल्याशिवाय पेन्सिल पुढे जात नाही. हा फरक मला त्या दिवशी पहिल्यांदा स्वच्छ दिसला.

झेंड्याचा घोटाळा याच जातीचा. ‘प्रस्थान’ गटाने सर्वांत पुढे तिरंगा काढला, मधोमध अशोकचक्र. मी काही न बोलता विचारले की हा झेंडा भारताने कधी स्वीकारला. 22 जुलै 1947 हे उत्तर त्यांना पाठ होते. पाठ असलेली तारीख आणि हातातले चित्र यांचा एकमेकांशी काही संबंध असतो हे मात्र त्या क्षणापर्यंत कोणाच्या लक्षात आले नव्हते. 1930 मध्ये प्रचारात असलेला काँग्रेसचा झेंडा वरून पांढरा, हिरवा, तांबडा असा होता आणि त्यावर चरखा होता. केशरी, पांढरा, हिरवा हा क्रम 1931 मध्ये आला. हळद आणि नीळ मिसळून मळकट हिरवा तयार झाला, तांबड्याला गेरू होताच. नंतर त्याच गटातल्या एकाने छायाचित्राची प्रत पुन्हा पाहिली आणि त्यात झेंडा कुठेच दिसत नाही असे सांगितले. त्यामुळे इतका खटाटोप करून बरोबर रंगवलेला झेंडा शेवटी उजव्या रकान्यात, ‘मनाने काढलेल्या’त गेला. त्यांना वाईट वाटले, पण झेंडा पुसला नाही.

सर्वांत मोठा प्रसंग रंगांच्या दिवशी घडला. तासिका सुरू होऊन पंधरा-वीस मिनिटे झाली असतील, तोच धारासनाच्या गटातला मुलगा वाटी घेऊन आला आणि म्हणाला, पांढरा संपला. पांढरा फक्त कपड्यांसाठी होता, म्हणून मी त्यांचे चित्र पाहायला गेले. चित्र चांगले होते: डावीकडे ओळीने पुढे येणारे सत्याग्रही, हात खाली, मध्ये काटेरी तारेचे कुंपण, उजवीकडे लाठ्या उगारलेले पोलीस. पोलिसांचे चेहरे आणि हात पांढरे रंगवले होते. माझ्या कथेत मी ‘पोलिसांनी लाठीमार केला’ असे म्हटले होते. पाठ्यपुस्तकातून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले हेच वाक्य मीही जसेच्या तसे उचलले होते, आणि मारणारा कोण होता हे त्या वाक्यात नव्हते. मुलांनी ती रिकामी जागा त्यांच्या समजुतीने भरली: मारणारे इंग्रज, म्हणून गोरे.

धारासनाला त्या दिवशी वेब मिलर हा अमेरिकन वार्ताहर हजर होता आणि त्याच्या वृत्तान्तामुळे ती घटना जगभर पोहोचली. त्याच्या वृत्तान्तातल्या काही भागाचा मी आधीच साध्या मराठीत सारांश करून ठेवला होता, पण तो ‘वेळ उरला तर’ या सदरात होता. तो तिथेच वाचून दाखवला. त्यात स्पष्ट आहे की लाठ्या चालवणारे शिपाई हिंदी होते आणि त्यांच्यावर हुकूम चालवणारे सहा इंग्रज अधिकारी होते. सत्याग्रही ओळीने कुंपणाकडे जात होते, मार खाऊन पडत होते, आणि मार चुकवण्यासाठी कोणी हातसुद्धा वर करत नव्हते. वर्ग अगदी शांत झाला. मग एकाने विचारले, “पोलीस गोरे नाय होते?” दुसरा म्हणाला, “मगे ते आपल्याच लोकांक कशाक मारीत होते?”

या प्रश्नाचे उत्तर मी दिले नाही, आणि देता आले असते असेही मला वाटत नाही. नोकरी, पगार, हुकूम, भीती, सवय असे शब्द मुलांकडूनच आले. एका मुलाचे वडील पोलिसांत आहेत. तो बराच वेळ गप्प होता आणि मग म्हणाला की हुकूम आला तर ऐकावाच लागतो. त्यावर दुसऱ्याने विचारले की सत्याग्रही तर हुकूम मोडतच होते ना. इथे मला थोडी काळजी वाटली. वर्गातल्या एका मुलाच्या घरावर चर्चा येऊन पडणे बरे नव्हते, म्हणून मी बोलणे 1930 कडे वळवले आणि धारासनाच्या मीठ-आगाराकडे पुन्हा आणले. अशा वेळी शिक्षकाने चर्चा सोडून देऊ नये, पण तिचा रोख एकाच मुलाकडे राहू देऊ नये, एवढे तारतम्य हवे. गटाने पोलिसांच्या पांढऱ्या चेहऱ्यांवर गेरू-हळदीचा हात फिरवला. खालचा पांढरा पूर्ण झाकला गेला नाही, त्यामुळे ते चेहरे इतरांपेक्षा फिकट, मळलेले दिसतात. मी दुसरा कागद देऊ केला होता. त्यांनी घेतला नाही. मागच्या पट्टीवर लिहिले आहे: ‘आधी आम्ही पोलीस गोरे काढले होते. ते चूक होते. मिलर म्हणतो, ते हिंदी होते. अधिकारी गोरे होते, ते आम्ही मागे काढले.’

याचा एक पडसाद लगेच पहिल्या चित्रावर उमटला. ‘पत्र’ या गटाने व्हाइसरॉयच्या वाड्यासमोर पत्र घेऊन आलेला खादीधारी तरुण गेरूच्या रंगात काढला होता. मी कथेत सांगितले होते की ते पत्र रेजिनाल्ड रेनॉल्ड्स या तरुण इंग्रजाने नेऊन दिले. पण खादी घातलेला म्हणजे आपला, हे समीकरण इतके पक्के होते की ऐकलेले नाव हातापर्यंत पोहोचलेच नाही. धारासनाची चर्चा ऐकल्यावर त्या गटातली मुलगी स्वतः उठून पांढरा मागायला आली, आणि तोपर्यंत पांढरा खरोखरच संपला होता. खडू कुटून पुन्हा केला. पहिल्या चित्रात खादीतला गोरा माणूस आणि सहाव्या चित्रात लाठी घेतलेला सावळा माणूस, असे दोघे आता एकाच पोथीत आहेत. ही जोडी मी आखणीत ठरवून आणलेली नव्हती. प्रत्येक आकृतीच्या अंगाला कुठला तरी एक रंग द्यावाच लागतो, या सक्तीतून ती आली.

चित्रकथीची शैली घेतल्यामुळे एक अडचणही झाली. पिंगुळीला मुलांनी रामायणाच्या पोथीतले राक्षस डोळे भरून पाहिले होते. साहजिकच आमचा आयर्विन मोठ्या मिशांचा, बाहेर आलेल्या दातांचा, अगदी रावणाच्या दरबारात शोभेल असा झाला. हसू आले, पण प्रश्न गंभीर होता. पारंपरिक शैलीत बरे-वाईट ठरलेले असते आणि आकृती पाहताक्षणीच ते कळते. इतिहासात तो निवाडा आधीच चेहऱ्यावर काढून ठेवला तर शिकायला काही उरत नाही. शिवाय हाच आयर्विन आठव्या चित्रात गांधीजींसमोर बसून करार करणार होता. ‘करार’ गटाने त्याला साधा माणूस काढला होता, त्यामुळे एकाच माणसाचे दोन चेहरे पोथीत झाले. दोन्ही गटांना समोरासमोर बसवले. पत्र-गटाने दात पुसले, मिशा ठेवल्या. पारंपरिक कलाप्रकार वर्गात आणताना त्याची रेषा आणि रचना जरूर घ्यावी, परंतु त्यातले ठरीव खलनायक सोबत येतात, याकडे माझे आधी लक्ष गेले नव्हते.

शिरोड्याच्या चित्राबद्दल माझ्या अपेक्षा सर्वांत मोठ्या होत्या आणि तेच सर्वांत अवघड गेले. मिठागर कसे काढायचे हे त्या गटाला कोणी सांगावे लागले नाही. एका मुलीची आजी मिठागरात काम केलेली. समुद्राचे पाणी खाडीतून आत घेऊन वाफ्यांत कसे साठवतात, उन्हाने ते आटत कसे जाते, दांड्याला आडवी फळी लावलेल्या अवजाराने मीठ कसे ओढून ढीग लावतात आणि पावसाळ्यापूर्वी सगळे कसे आवरतात, हे तिने घरून लिहून आणले. त्यातून सत्याग्रह मार्च ते मे या महिन्यांतच का झाले याचाही उलगडा वर्गाला आपोआप झाला. पण माणसांचा प्रश्न आला तेव्हा पट्टीचा डावा रकाना रिकामा राहू लागला. बौद्ध विद्येचे पंडित धर्मानंद कोसंबी या सत्याग्रहात सहभागी होते एवढे मी सांगू शकले, वि. स. खांडेकर त्या काळात शिरोड्याच्याच शाळेत शिक्षक होते हे सांगितल्यावर मुलांना गंमत वाटली, पण चित्रात त्यांना कुठे उभे करणार? गटाने अखेर पुढे वाफे आणि मिठाचे ढीग बारकाईने काढले आणि सत्याग्रही लांब, लहान, चेहऱ्यांशिवाय काढले. चित्रकथीच्या शैलीला हे अजिबात धरून नाही, तिच्यात चेहराच सर्वांत मोठा असतो. तरीही मी ते तसेच राहू दिले. आपल्याला जागा ठाऊक आहे आणि माणसे ठाऊक नाहीत, हे त्या चित्राइतके स्पष्ट मला बोलून सांगता आले नसते.

सादरीकरणाच्या दिवशी पोथी क्रमाने लावली, टाळ शाळेतलेच होते. हुडूक वाजवणारे कोणी नव्हते, म्हणून एका मुलाने पत्र्याच्या डब्यावर ठेका धरला. दांडीच्या पदयात्रींत पंडित नारायण मोरेश्वर खरे होते आणि वाटेत भजने होत, हे कळल्यावर ‘वाट’ गटाने निवेदनाच्या मध्ये ‘रघुपति राघव’ घेतले. निवेदनात मात्र बरेच गट घसरले. चित्र समोर असल्याने ‘हे बघा गांधीजी, हे बघा पोलीस’ असे नुसते बोट दाखवणे सुरू झाले, आणि लिहिलेले साठ शब्द बाजूलाच राहिले. चित्रात जे दिसते ते सांगायचे नाही, त्याच्या आधी काय झाले आणि नंतर काय झाले ते सांगायचे, ही सूचना मी सराव झाल्यावर दिली. ती सरावापूर्वी द्यायला हवी होती. ज्या मुलाने तीन तासिकांत एकही रेघ ओढली नव्हती, त्याने अटकेचे निवेदन इतके संथ आणि नेमके केले की शेवटी मध्यरात्रीच्या त्या प्रसंगानंतर टाळ वाजवायचे कोणालाच सुचले नाही.

या सगळ्याला सात तासिका लागल्या. नेहमीच्या पद्धतीने हा पाठ दोन किंवा फार तर तीन तासिकांत होतो. त्याची किंमत पुढच्या एका पाठाने भरली, तो मी घाईने उरकला आणि त्याबद्दल मला समाधान नाही. वर्षातून एकाहून अधिक पाठ या पद्धतीने घेता येतील असे मला वाटत नाही. मुलांना नेमके काय आले, हे पाहण्यासाठी तीन आठवड्यांनी मी एक न पाहिलेले चित्र दाखवले: नंदलाल बोस यांनी 1930 मध्ये केलेली, काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेषांत काठी घेऊन चालणाऱ्या गांधीजींची छापचित्रकृती. या चित्रातून काय कळते आणि काय कळत नाही, असे विचारले. मागच्या वर्षीच्या मुलांना हेच दाखवले होते तेव्हा ‘गांधीजी दांडीला चालले आहेत’ असे जवळजवळ एकमुखी उत्तर आले होते. या वेळी बऱ्याच जणांनी लिहिले की दांडीला चालले आहेत हे चित्रात नाही, ते आपल्याला दुसरीकडून माहीत आहे. काहींनी लिहिले की सोबतचे 78 जण चित्रकाराने काढले नाहीत, आणि त्यामुळे ते एकटेच चालले असे वाटते. पण तारखा आणि क्रम यांत फारसा फरक पडला नाही. करार आधी की अटक आधी यात गोंधळ करणारी मुले याही वर्षी होती, आणि आपल्या गटाच्या चित्राखेरीज इतर सात चित्रांचा तपशील अनेकांचा कच्चाच राहिला. पुढच्या वेळी प्रत्येक गटाला दुसऱ्या गटाच्या चित्राचे निवेदन करायला द्यायचे मी ठरवले आहे.

आठव्या चित्राचे सांगायचे राहिले. करार-गटाला शेवट गोड करायचा होता: गांधीजींनी मूठभर मीठ उचलले, इंग्रज घाबरले, कर गेला. तसे झाले नव्हते. कर तसाच राहिला आणि 1947 मध्ये रद्द झाला. करारात एवढेच मिळाले की जिथे मीठ तयार होते किंवा गोळा करता येते, तिथल्या गावांतल्या लोकांनी ते घरी वापरण्यासाठी किंवा गावातल्या गावात विकण्यासाठी घ्यावे. गावाबाहेर विकू नये. हे ऐकल्यावर त्या गटातल्या मुलाने नकाशाकडे पाहिले आणि विचारले, “म्हणजे आमका मिळाला. आणि घाटावरच्यांक?” दोन नेते समोरासमोर बसलेल्या चित्राच्या खाली त्यांनी मग एक आडवी रेघ मारली. रेघेच्या डावीकडे खाडीकाठी ओच्यात मीठ भरणारी बाई आहे, उजवीकडे दुकानासमोर पैसे मोजणारी बाई आहे, आणि मध्ये नुसता डोंगर आहे, पोथीतला एकमेव डोंगर. मागच्या पट्टीवर दोन्ही बायका उजव्या रकान्यात आहेत आणि डोंगर डाव्या.